चार दिवसांचं दोन दिवसांत

माझ्या जिममध्ये माणसाला नावानं हाक मारत नाहीत, गावानं मारतात. सुरुवातीच्या दिवसांत एकाच नावाचे तिघे येत होते. एकाला हाक मारली की तिघेही वळून बघायचे, खांद्यावर बार असला तरी. हे धोक्याचं होतं. मग मी फर्मान काढलं, आजपासून हा सेलू, तो पुलगाव आणि हा वडनेर. पुढे येणाऱ्यांना आपोआप तेच लागू झालं. आमचं आडनाव वर्ध्यात कापडासाठी ओळखलं जातं. समोर भावाचं दुकान आणि मागे, जिथे पूर्वी कापडाचे गठ्ठे असायचे त्या गोदामात, माझं जिम. आमच्या घरातल्या बायकांनी मीटरनं मोजावं, किलोनं नाही, असं वडिलांचं मत होतं. मी तरुणपणी पॉवरलिफ्टिंगमध्ये राज्यापर्यंत गेले ते त्यांच्या या मताला न जुमानता. छप्पन्नाव्या वर्षी मी स्वतः फारसं उचलत नाही, पण दुसऱ्यांकडून उचलून घेते, आणि त्यासाठी लागणारं तोंड माझ्याकडे आहे.

पॉवरलिफ्टिंग म्हणजे तीन गोष्टी. खांद्यावर बार घेऊन खाली बसून उठायचं तो स्क्वॉट. बाकावर उताणं झोपून छातीवरून बार वर ढकलायचा तो बेंच. जमिनीवरचा बार धरून सरळ उभं राहायचं तो डेडलिफ्ट. स्पर्धेत प्रत्येक प्रकाराला तीन-तीन संधी मिळतात. एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं.

आमच्याकडची आंजी म्हणजे आंजी मोठी या गावची बाई. वय त्रेचाळीस, नवरा शेती करणारा, ती वर्ध्याच्या एका खाजगी शाळेत लिपिक. दोन वर्षांपूर्वी कंबर दुखते म्हणून आली होती. "ताई, काई हलकं-फुलकं सांगा," म्हणाली. मी तिच्या हातात रिकामा बार दिला आणि सांगितलं, यापेक्षा हलकं माझ्याकडे काही नाही. तो बार वीस किलोचा असतो हे मी तिला तीन आठवड्यांनी सांगितलं. तोपर्यंत तिची कंबर दुखायची थांबली होती आणि तिला त्या कामाची गोडी लागली होती. यंदा जिल्ह्यातून तिची चाळिशीपुढच्या गटात राज्य स्पर्धेसाठी निवड झाली, तेव्हा भावानं दुकानातून येऊन सगळ्यांना पेढे वाटले. ती मात्र कोपऱ्यात उभी राहून रुमालानं हात पुसत होती, जणू दुसऱ्या कोणाचा सत्कार चालला आहे.

दिवाळीनंतर एका शनिवारी ती सरावाला आली नाही. त्याऐवजी तिचं पाकीट आलं. ती ते दुकानाच्या गल्ल्यावर ठेवून घाईनं बस पकडायला गेली होती. भावानं ते दोन बोटांत धरून आत आणलं आणि म्हणाला, "पाय वं, तुले नोटीस आली."

आत फुलस्केप कागद होता, डावीकडे समास सोडून घडी पाडलेला. इतकी वर्षं शाळेत अर्ज लिहून नि आवक-जावक करून तिचा हात तसाच वळायचा.

"विषय : सरावाच्या वेळापत्रकात बदल करून मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, तुकड्या कमी झाल्याने माझी शाळेतील नोकरी संपुष्टात आली आहे. सोमवारपासून मी सिंदी (रेल्वे) येथील जिनिंग फॅक्टरीत वजनकाट्यावर रुजू होत आहे. कापसाचा हंगाम असल्याने संध्याकाळी सुटण्याची वेळ निश्चित नाही. त्यामुळे आठवड्याचे चार दिवस येणे यापुढे शक्य होणार नाही. रविवार मोकळा आहे. बुधवारी मालक नागपूरला जात असल्याने दुपारी पोचले तरी चालते, म्हणून बुधवारची सकाळ देता येईल. तरी राज्य स्पर्धेचा माझा आराखडा दोन दिवसांत बसवून मिळावा, ही नम्र विनंती."

सहीच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. ती मात्र शाळेच्या भाषेत नव्हती. "ताई, नसन बसत तर माहं नाव काढून टाका. मले वाईट नाई वाटणार."

त्या ओळीनं माझं डोकं फिरलं. ही बाई आयुष्यभर हेच करत आली होती. बोलता बोलता तिनं मला सांगितलेलं होतं. बी.ए.चं दुसरं वर्ष सोडलं, कारण सासरे आजारी होते. शिवणकामाचा क्लास सोडला, कारण पोराची दहावी होती. गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायची, तीही सोडली, कारण मंडळाची वेळ नि दूध काढायची वेळ एकच. घरात कोणाला वेळ कमी पडला की तो हिच्या वाट्यातून कापायचा, आणि कापायला कोणी यायच्या आधी हीच कात्री पुढे करायची. तिला कोणी जाच करत नव्हतं. नवरा चांगला आहे, स्पर्धेच्या दिवशी टोपी घालून पहिल्या रांगेत बसतो. तिला सवयच तशी होती. आता लिफ्टिंगचा नंबर लागला होता, आणि यावेळी तो लागू द्यायचा नाही असं मी तिथंच, तो कागद हातात धरून, ठरवलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तिचा जुना आराखडा घेऊन बसले. चार दिवस होते. एक स्क्वॉटचा, एक बेंचचा, एक डेडलिफ्टचा, आणि चौथा हलक्या बेंचचा नि बाकीच्या बारीकसारीक व्यायामांचा. कागद दोन्ही बाजूंनी भरलेला. नवशिका कोच इथं जी चूक करतो ती मलाही क्षणभर करावीशी वाटली, चार दिवसांचं सगळं उचलून दोन दिवसांत कोंबायचं. मांडून पाहिलं तर एकेक दिवस तीन-तीन तासांचा झाला. तिसऱ्या तासाला थकलेल्या कमरेनं ओढलेला डेडलिफ्ट ताकद वाढवत नाही, दवाखाना वाढवतो. मी तो कागद फाडला.

मग उलट्या बाजूनं विचार केला. स्पर्धेत तिला काय करायचं आहे? तीन उचली. त्या तीन सोडून जे काही आहे ते आधी काढायचं. पायऱ्या चढण्याचे, दंडाचे, पोटाचे व्यायाम गेले. पाठीचा एक ठेवला. स्क्वॉट रविवारी जड, कारण रविवारी ती जेवून-झोपून येणार. डेडलिफ्ट बुधवारी जड, म्हणजे दोन्हींच्या मधे कमरेला विसावा मिळतो. बेंच दोन्ही दिवशी, एकदा जड एकदा हलका, कारण छाती-खांद्याचं काम लवकर भरून निघतं. बुधवारी शेवटी थोडा हलका स्क्वॉट, नुसता सवय राहावी म्हणून. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बारवरचं वजन कमी केलं नाही. फेऱ्या कमी केल्या. आठवड्यातले दिवस घटले तर ताकद लगेच जात नाही. बारवरचं वजन घटवलं की मात्र जाते. एवढं मला या धंद्यात टक्केटोणपे खाऊन कळलेलं आहे.

नवा आराखडा अर्ध्या पानात बसला. मला तो फार आवडला. लेकीच्या लग्नाचा पसारा आवरून झाल्यावर घर बघावं तसं वाटलं.

रविवारी ती आली. मी कागद दिला. तिनं वाचला, पाठीमागची बाजू उलटून पाहिली. तिकडे कोरं होतं. "बरं ताई," म्हणाली. लिहिलं होतं तेवढं केलं, पाणी प्यायली, गेली. मी खुशीत होते.

बुधवारी ती आली नाही. पहिलाच आठवडा, गाडी चुकली असेल, म्हणून मी सोडून दिलं. पुढच्या रविवारीही आली नाही. फोन केला तर उचलत नव्हती. स्पर्धेला दोन महिनेच उरले होते. माझं चित्त लागेना, नि त्याचा राग मी इतरांवर काढू लागले. शेवटी वडनेरनं तोंड उघडलं. हा वडनेरचा शेतकरी, अंगानं दांडगा, जिभेनं त्याहून. त्याची नि आंजीची सरावातली जोडी, एकमेकांच्या बारजवळ उभी राहायची.

"ताई, तुमी तिले काऊन कटवलं?" त्यानं विचारलं.

"कोण म्हणते कटवलं?"

"थेच म्हणे. बसस्टँडवर भेटलती मले. म्हणे, ताईनं सरळ नाई म्हटलं नाई, पन समजलं मले. मले अर्धाच कागद देल्ला."

मला आधी काही समजेना, आणि मग एकदम समजलं. आमच्याकडे पाहुण्याच्या पानात पुरेसं आहे असं दिसणं चालत नाही. पान गच्च भरलेलं लागतं. चार वेळा नको म्हटलं तरी पाचव्यांदा वाढतात, आणि पाहुणा शेवटी पानावर आडवा हात धरतो. हात आखडता घेऊन वाढलं की त्याचा अर्थ एकच, तुम्ही उठा आता. ती या रीतीत वाढलेली, मीही. पण मी त्या कागदाकडे कोच म्हणून बघितलं आणि तिनं पाहुणी म्हणून. मागची बाजू कोरी दिसली, आणि तिनं मुकाट्यानं आपलं पान उचललं.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तिच्यावर, माझ्यावर, सगळ्या विदर्भाच्या पाहुणचारावर. दुसऱ्या दिवशी जिमची किल्ली भावाकडे दिली आणि सकाळची नागपूरकडे जाणारी गाडी धरून सिंदीला उतरले.

जिनिंग फॅक्टरी शोधायला विचारावं लागलं नाही. कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती, तिच्या कडेकडेनं गेलं की फाटक. आत कापसाचे पांढरे ढीग, यंत्राचा घरघराट, आणि हवेत तंतू इतके की बोलताना तोंडाला पदर धरावा लागे. काट्याच्या खोलीत मला ती टेबलाशी बसलेली दिसेल असं वाटलं होतं. ती बसलेली नव्हतीच. गाडी काट्यावर आली की ही बाहेर यायची, चाकं नीट आत आहेत का बघायची, वजन टिपायची, आत जाऊन पावती फाडायची, रिकामी गाडी परत आली की पुन्हा बाहेर. मी एका बाजूला थांबून बराच वेळ ते बघत होते. एवढ्या वेळात ती खुर्चीत टेकली नाही.

मला पाहून तिचा चेहरा उतरला. "ताई, तुमी इथं?"

"का? फक्त कापूसच येते का इथं?" मी म्हणाले.

गाड्यांची रांग होती, त्यामुळे आमचं भांडण तुकड्यातुकड्यांत झालं. एक गाडी गेली की चार वाक्यं, पुन्हा गाडी.

"फोन काऊन नाई उचलत?"

"काय बोलू ताई. तुमाले अवघड वाटू नये म्हणून नाई उचलला."

"मले अवघड? मले कायचं अवघड?"

"असं काय करता. तुमी एवढं केलं माह्यासाठी. आता माह्यानं व्हत नाई तं तुमी तरी किती ओढसान? तुमी नाई म्हटलं नाई, थे तुमचा मोठेपणा. अर्धा कागद देल्ला. म्या समजली."

मधे एक ट्रॅक्टर आला. ती गेली, परत आली. मी तिला म्हणाले, "हे पाय, म्या त्या कागदातून काय काढलं थे सांगतो. पायऱ्या काढल्या. दंड काढले. पोटाचं काढलं. तू राज्याले जाऊन दंड दाखवणार हायेस का? तुले नाई काढलं. माह्यावाला इश्वास गेला असता तं म्या वजन उतरवलं असतं. एक किलो तरी उतरवलं का? सांग."

तिनं हातातली पावती टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाली, "वजनाकडं म्या पाह्यलंच नाई. ओळीच पाह्यल्या."

"मंग! कारकुनी करतेस ना तू?"

ती हसली नाही, पण ओठ हलले. मी पुढे रेटलं. खरं तर विनवलं, पण माझ्या विनवण्याचा आवाज भांडणासारखाच निघतो. मी तिला म्हणाले, तुला घरानं कधी कमी वाढलं नाही, तूच दरवेळी आधी उठलीस. यावेळी उठू नको. बस. मला तू हवी आहेस राज्याला, आणि पायऱ्या न चढता हवी आहेस.

ती रडेल असं वाटलं. तेवढ्यात मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला आणि तिला जावं लागलं. एका अर्थी बरंच झालं.

परत आल्यावर मी विचारलं, "दिवसभर हे असंच चालते का? उभ्यानं?"

"सीझन हाय ना. बसाले भेटतच नाई."

"आन झोप?"

"पाचले उठतो मी. रातच्याले पोचेपर्यंत साडेनऊ होते."

हे मला तिच्या पत्रातून कळलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. शाळेतली नोकरी बसून होती. ही नोकरी म्हणजे स्वतःच एक सराव होती, फक्त त्यात बार नव्हता. दिवसभर उभे राहिलेले पाय आणि तुटकी झोप, ही दोन्ही शरीराच्या खात्यातूनच वजा होतात. मी तिच्या टेबलावरचं पेन घेतलं, तिच्या पर्समधला तो अर्धा कागद मागून घेतला, आणि बुधवारचा हलका स्क्वॉट खोडून टाकला.

तिनं खोडलेल्या ओळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "अवं ताई, आता तं अर्ध्याचंही अर्धं केलं तुमी!"

"येजो बुधवारी," मी म्हणाले. "नाई आलीस तं फॅक्टरीत येऊन सगळ्यांदेखत डेडलिफ्ट करायले लावीन."

परतीच्या गाडीत मला हलकं वाटलं, पण पूर्ण नाही. बोलून माणूस परत येतो, बार उचलणं वेगळं. मधे दहा-अकरा दिवस ती बारला शिवली नव्हती. माझ्या मनात धाकधूक होतीच, की दोन दिवसांचा हिशोब कागदावर छान दिसतो आणि बारवर उघडा पडतो.

बुधवारी ती आली. सकाळी साडेसहाला, डबा हातात, अंबाडा घट्ट. वडनेर मुद्दाम थांबला होता. "या, अर्धा कागद आला," असं त्यानं स्वागत केलं. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. डेडलिफ्ट सुरू झाला. साठ, सत्तर, ऐंशी. दसऱ्यापासून ती पंच्याण्णववर अडली होती, बार गुडघ्याशी येऊन थांबायचा. मी त्या दिवशी नव्वदच करून थांबवणार होते. पण नव्वद इतकं सहज आलं की वडनेरनं मोजायच्या आतच ते खाली गेलं होतं. मी दोन्ही बाजूंना लहान प्लेटा चढवल्या. पंच्याण्णव. तिनं श्वास भरला, पट्टा आवळला, आणि बार उठला. गुडघ्याशी थांबला नाही. ती सरळ उभी राहिली आणि काही क्षण तशीच राहिली, बार हातात धरून, जणू खाली ठेवायचं विसरली.

हा काही चमत्कार नव्हता. चार दिवसांच्या सरावात जी ताकद तिनं कमावली होती, ती थकव्याखाली दबून होती. पाठीला विसावा मिळाला, थकवा उतरला आणि खालची ताकद वर आली. मी हे पुस्तकातून शिकले आहे, दुसऱ्यांना शिकवलंही आहे, तरी त्या सकाळी माझा जीव भांड्यात पडला. मी वडनेरवर ओरडले की प्लेटा जागेवर ठेव. तो म्हणाला, ताई, तुमी खूश झाल्या की जास्त ओरडता.

पुढचे आठवडे सरळ गेले असं म्हणता येणार नाही. एका रविवारी ती खोकत आली, कापसाचे तंतू नाकातोंडात गेलेले, तेव्हा मी तिला नुसतं बेंच करून घरी पाठवलं. एका बुधवारी मालक नागपूरला गेलेच नाहीत. तेव्हा ती रविवारीच डेडलिफ्ट मागायला लागली, आणि मी दिला नाही, कारण स्क्वॉटनंतरची कमर ती, तिला तिच्या वाट्याचा विसावा मिळायला हवा. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात सगळं हलकं केलं. त्या आठवड्यात ती जरा चिडचिडी झाली, नि मला बरं वाटलं. हातात ताकद साठली की माणसाची चिडचिड होतेच.

राज्य स्पर्धेत स्क्वॉट आणि बेंच ठीक झाले. प्रत्येकात दोन-दोन उचली पंचांनी मान्य केल्या. डेडलिफ्टची पहिली उचल नव्वद, मान्य. दुसरी साडेसत्त्याण्णव, मान्य. फलकावर तीन पांढरे दिवे लागले. नवरा टोपी काढून हलवू लागला. तिसऱ्या उचलीचा आकडा एका मिनिटात द्यावा लागतो. मी शंभर लिहायला निघाले होते. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली, धापा टाकत.

"एकशे अडीच लिहा, ताई."

"शंभर येईल. एकशे अडीचची खात्री नाई."

"मले माहीत हाय. तरी लिहा."

मी लिहिलं. बार जमिनीवरून हलला, गुडघ्यापर्यंत आला आणि थांबला. तिच्या मांड्या थरथरल्या. ती सोडत नव्हती. पंच बघत राहिले, मी ओरडत राहिले, आणि शेवटी बार खाली गेला. तीन लाल दिवे. ती पाचवी आली. पदक तिघींनाच. मंचावरून उतरताना तिच्या चेहऱ्यावर काय असेल याची मला भीती वाटत होती. एक चुकलेली उचल म्हणजे तिच्यासारखीला आता पुरे म्हणायला चांगलं निमित्त असतं. तिनं खडूनं माखलेले हात झटकले, आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, "प्यायले पाणी द्या."

परतीच्या गाडीत आम्ही तिघं एका बाकावर होतो. नवरा खिडकीला डोकं टेकून झोपला होता. मी मनात शब्द जुळवत होते, की हंगाम संपला की बघू, थोडं थांबू, जमेल तसं. तिला बोलायला सोपं जाईल असं काहीतरी. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिची मोठी जाऊ होती. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं, पण एवढं कळलं की पुढच्या आठवड्यात घरातल्या पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं आहे, बुधवारी, आणि हिनं सकाळपासून स्वयंपाकाला यायचं आहे.

ती ऐकत राहिली. हो-हो म्हणाली. मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण पुढे काय येणार ते मला माहीत होतं.

"जाऊबाई, साक्षगंधाले तं येईनच," ती म्हणाली. "पन बुधवारी सकाळी नाई जमत. माहा सराव राह्यते. दहा वाजता येतो, मंग पुऱ्या लाटतो."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. तिनं शांतपणे उत्तर दिलं, "नाई, स्पर्धा झाली. आता पुढच्या सालची."